रात्रीची खाज आणि पित्ताम्लाचा आकडा

गरोदर बाईला आठव्या महिन्यात खाज सुटली की घरात कारणं तयार असतात. अंगात उष्णता झाली असेल, पोटाची कातडी ताणली असेल, पित्त उठलं असेल, लोहाच्या गोळ्या बाधल्या असतील. भूम तालुक्यातल्या ईटच्या परिसरात याला आणखी एक कारण जोडलं जातं, ते ऊसतोडीचं. दिवाळीच्या आगेमागे इकडची कितीतरी कुटुंबं कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि त्यांत दिवस गेलेल्या बायकाही असतात. पाचटाची कूस हाता-मानेला लागली की खाज येणारच. त्यामुळे खोपीतली बाई रात्री अंग खाजवताना दिसली तर त्यात कुणाला काही नवल वाटत नाही.

यातली बहुतेक कारणं बहुतेक वेळा खरीही असतात. गरोदरपणात साधी खाज पुष्कळ बायकांना येते. अडचण एवढीच की याच गर्दीत थोड्या बायका अशा असतात ज्यांच्या खाजेचं मूळ कातडीत नसून लिव्हरमध्ये असतं. त्यांच्यातल्या काहींच्या पोटातलं बाळ शेवटच्या आठवड्यांत, आधी काहीही सूचना न देता, दगावू शकतं. या आजाराला डॉक्टर गरोदरपणातला कोलेस्टॅसिस म्हणतात. तो ओळखायचा कसा आणि त्याची तीव्रता ठरवायची कशी, याबद्दलचं मत गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. आपल्याकडच्या दवाखान्यांत जुने आणि नवे आडाखे अजून शेजारी शेजारी चालतात, म्हणून हा आढावा.

लिव्हर पित्त तयार करून आतड्यात सोडतं. पित्तातली आम्लं, म्हणजे पित्ताम्लं, चरबी पचवतात आणि त्यांतला मोठा भाग पुन्हा शोषला जाऊन लिव्हरकडे परत येतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वाढतात. काही बायकांच्या लिव्हरपेशींतली पित्त बाहेर ढकलणारी यंत्रणा जन्मतःच जरा दुबळी असते. हा दुबळेपणा घराण्यातून येतो, म्हणून आई किंवा बहिणीलाही गरोदरपणी असंच झाल्याचं पुष्कळदा कळतं. संप्रेरकांचा भार पडला की ही यंत्रणा मंदावते आणि पित्ताम्लं रक्तात साचू लागतात. बाळंतपणानंतर भार उतरतो आणि खाज साधारणपणे काही दिवसांत जाते.

हा आजार सगळीकडे सारखा आढळत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत एके काळी तो फार मोठ्या प्रमाणावर दिसे. इंग्लंडमध्ये शंभर गरोदर बायकांत एकीपेक्षाही कमी जणींना तो होतो, मात्र तिथल्याच भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये हे प्रमाण १.२ ते १.५ टक्के आढळलं आहे. म्हणजे आपल्याकडे तो दुर्मीळ मानून चालणार नाही.

या खाजेची ओळख अशी. ती बहुधा सातव्या महिन्यानंतर सुरू होते, तळहात आणि तळपाय यांना जास्त असते आणि रात्री वाढते. बाई झोपेतून उठून तळपाय फरशीवर घासते, थंड पाण्यात पाय बुडवून बसते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कातडीवर काही उठलेलं नसतं. दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे. अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी येतात आणि काही तासांत जिरतात, त्यावर आमसुलाचं पाणी लावायची आपली पद्धत आहे. कोलेस्टॅसिसमध्ये गांधी नसतात. पोटावरच्या ताणाच्या रेघांमध्ये लाल पुरळ सुरू होऊन मांड्यांकडे पसरलं आणि बेंबीभोवतीची जागा कोरी राहिली, तर तो गरोदरपणातला एक निरुपद्रवी त्वचारोग असतो. नायट्याला कडा असते. कुसेची खाज उघड्या हातांना, मानेला, पोटऱ्यांना लागते आणि कामातून आल्यावर आंघोळ केली की बरीच उतरते.

घोटाळा होतो तो खरजेपाशी. खरूजही रात्रीच खाजते आणि दाटीने राहणाऱ्या खोपीत ती पटकन पसरते. इथे दोन गोष्टी पाहाव्यात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक फोड किंवा रेघा आहेत का? आणि घरातल्या लेकरांना, नवऱ्याला खाज आहे का? सगळं घर खाजवत असेल तर आधी खरजेचा विचार करावा. एकटी बाईच खाजवत असेल आणि बेचक्या स्वच्छ असतील, तर रक्त तपासायला हवं. खरूज आहे म्हणून कोलेस्टॅसिस नाहीच असंही नाही. औषध लावून घर बरं झालं आणि बाईची खाज राहिली, तर प्रश्न उघडाच राहतो.

रक्ताच्या दोन तपासण्या लागतात. पहिली लिव्हरची नेहमीची. त्यात एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले असू शकतात. बिलिरुबिन बहुतेकींचं ठीक असतं, म्हणून डोळे पिवळे नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा मात्र बाजूला ठेवावा, कारण ते वारेतूनही रक्तात येतं आणि निरोगी गरोदर बाईचंही वाढलेलं असतं. रिपोर्टवर त्यापुढे छापलेला ठळक बाण पाहून घाबरलेली माणसं भेटतात, तो बाण गरोदर नसलेल्यांच्या मापाने काढलेला असतो.

दुसरी तपासणी रक्तातल्या एकूण पित्ताम्लांची, आणि निर्णय तिच्यावरच होतो. लिव्हरची नेहमीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना पाठवून होऊ शकते, पित्ताम्लाची मात्र गावपातळीवर होत नाही. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, पैसे जास्त पडतात आणि रिपोर्टला वेळ लागतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘एसजीपीटी वाढलंय, खाज आहे, म्हणजे कोलेस्टॅसिस’ एवढ्यावरच काम भागवतात. निदान म्हणून ते एक वेळ चालेल. पण बाळाला धोका किती, हे एसजीपीटी सांगत नाही. खाज किती जोराची आहे, यावरूनही ते कळत नाही. अंग रक्तबंबाळ होईपर्यंत खाजवणाऱ्या बाईची पित्ताम्लं जेमतेम वाढलेली असू शकतात, आणि ‘थोडीशी खाज आहे’ म्हणणारीची शंभराच्या पुढे. आकडा मागवण्याला पर्याय नाही तो याच कारणाने.

मतभेद आहे तो हा आकडा कुठून पुढे आजार मानायचा यावर. आपल्या प्रयोगशाळांच्या छापील मर्यादा बहुधा १० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आसपास असतात. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन या संस्थेनेही आपल्या २०२१च्या शिफारशीत खाज आणि १०च्या वरचा आकडा एवढं निदानाला पुरेसं मानलं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०२२मध्ये ही रेघ १९वर नेली. जेवणानंतर पित्ताम्लं वाढतात, आणि निरोगी गरोदर बायकांचं रक्त उपाशी न ठेवता तपासलं तर आकडा १८पर्यंत जाऊ शकतो, असं त्याआधीच्या अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे जेवून आलेल्या बाईचा १४ हा आकडा अमेरिकी मापाने आजार ठरतो आणि ब्रिटिश मापाने गरोदरपणातली साधी खाज.

मला यात ब्रिटिश माप जास्त पटतं, आणि त्याचं कारण व्यवहाराचं आहे. ईटच्या बाईला उपाशीपोटी भूमला किंवा बार्शीला पाठवायचं, तेही नवव्या महिन्याच्या तोंडावर, याला अर्थ नाही. जेवून आलेलीचं रक्त घ्यावं आणि आकडा १९च्या मापाने वाचावा. दोन्ही संस्था एका बाबतीत सहमत आहेत: धोका या खालच्या रेघेवर ठरत नाही. तो आकडा बराच वर गेल्यावर सुरू होतो.

हे नीट कळलं ते २०१९मध्ये. त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात कॅरोलिन ओवादिया आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून मांडली. जुळं नसलेल्या गरोदरपणांत, सर्वांत वरचा आकडा ४०च्या आत राहिलेल्या बायकांमध्ये मृतजन्माचं प्रमाण ०.१३ टक्के होतं. ४० ते ९९मध्ये ते ०.२८ टक्के होतं. १०० किंवा त्याहून वर गेलेल्यांमध्ये ते एकदम ३.४४ टक्क्यांवर गेलं. हजाराच्या हिशेबात सांगायचं तर पहिल्या दोन गटांत एक ते तीन आणि तिसऱ्या गटात चौतीस. पहिल्या दोन गटांतलं प्रमाण एरवीच्या गरोदरपणांपेक्षा जास्त नव्हतं.

या आकड्यांना एक मोठी पुरवणी जोडायला हवी. त्या बायकांवर डॉक्टरांचं लक्ष होतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं तारखेच्या आधी करवली गेली होती. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. म्हणून ‘९९पर्यंत बिनघोर’ असा अर्थ कुणी काढू नये. तरीही निष्कर्ष मोठा आहे. पूर्वी खाज आणि वाढलेलं एसजीपीटी एवढ्यावर सगळ्यांचीच प्रसूती ३७व्या आठवड्यात उरकण्याची रीत होती. आकडा ४०च्या खाली असलेल्या बाईच्या बाबतीत ती रीत आता समर्थनीय राहिलेली नाही.

बाळ जातं कशाने, यावर प्रयोगशाळेतल्या पुराव्याचा रोख बाळाच्या हृदयाकडे आहे. जास्त पित्ताम्लांमुळे हृदयपेशींचा ताल बिघडतो असं दिसलं आहे. उच्च रक्तदाबात वार हळूहळू निकामी होते, बाळाची वाढ खुंटते, गर्भजल घटतं आणि सोनोग्राफीत ते दिसतं. इथे तसं होत नाही. बाळ चांगलं भरलेलं असतं, डॉपलर ठीक असतं, काल काढलेला ठोक्यांचा आलेख ठीक असतो, आणि तरी आज काही घडू शकतं. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली, मग काय काळजी?’ हा दिलासा या आजारात खोटा ठरू शकतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा, हे मात्र याही आजारात खरंच.

निर्णय कसे होतात ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा ईटची एक सव्वीस वर्षांची बाई आहे, दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेलाही शेवटचा पंधरवडा खाजेत गेला होता, पण कुणी विचारलं नाही. यंदा ३२व्या आठवड्यात तळपायांना खाज सुरू झाली. ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला ती आरोग्य केंद्रात येते. बेचक्या स्वच्छ आहेत, घरात कुणाला खाज नाही, ताप-उलटी नाही, रक्तदाब ११०/७०. एसजीपीटी ८८, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. बिलिरुबिन ०.७, ठीक. पित्ताम्लाचा नमुना पाठवला, आकडा आला २७. हा ४०च्या आतला, म्हणजे सौम्य कोलेस्टॅसिस. यात बाळाचा धोका वाढलेला नाही, पण आकडा चढू शकतो म्हणून तपासणी पुन्हा करायची.

३५व्या आठवड्यात आकडा येतो ६१. आता ती ४० ते ९९च्या मध्यम गटात गेली. इथून पुढे दर आठवड्याला नमुना, कारण प्रश्न एकच उरतो: आकडा शंभर ओलांडतो का? ३६ला ५४, ३७ला ६६. मधे एकदा आकडा उतरला म्हणून ती सौम्य गटात परत जात नाही, कारण सर्वांत वरचा आकडा धरतात. ब्रिटिश मार्गदर्शनाप्रमाणे या गटाची प्रसूती ३८ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात. सौम्य गटात ४०व्या आठवड्यापर्यंत थांबता येतं. सिझेरियन करावंच लागतं असं नाही, कळा आणवून नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. बाळाने आत शी करण्याचं प्रमाण या आजारात जास्त असल्याने कळांच्या काळात ठोक्यांवर नजर ठेवावी लागते. म्हणून हे बाळंतपण उपकेंद्रात न करता भूमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या सल्ल्याने धाराशिवच्या स्त्री रुग्णालयासारख्या ठिकाणी ठरवावं.

याच बाईचा आकडा ३४व्या आठवड्यात ११८ आला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. मग त्याच दिवशी नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात पाठवणं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा विचार आणि ३५-३६ आठवड्यांत प्रसूती. लवकर जन्मलेल्या बाळाचे त्रास असतात, पण या गटात आत थांबण्याचा धोका त्याहून मोठा मानला जातो. जुळं असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर हे सगळे आठवडे आणखी अलीकडे येऊ शकतात.

आता या हिशेबातली आपल्याकडची सगळ्यात कच्ची बाजू. ३५, ३८, ३९ हे आकडे तारखेवर उभे आहेत, आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईची तारीखच अनेकदा अंदाजाने लिहिलेली असते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर चूक काही दिवसांची राहते. पहिली सोनोग्राफी आठव्या महिन्यात झाली असेल तर चूक दोन-तीन आठवड्यांची होऊ शकते. मग ३६ आठवडे समजून काढलेलं बाळ ३३ आठवड्यांचं निघतं. शिवाय नमुना एका गावात, रिपोर्ट दुसऱ्या आणि बाई तिसऱ्या. खाज सांगितली ईटला, तोवर टोळी मुकादमाबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेली. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि पित्ताम्लाचा प्रत्येक आकडा तारखेसह माता-बाल कार्डावर लिहून घेणं आणि ते कार्ड खोपीत जवळ ठेवणं, हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे.

औषधाबद्दल लोकांचा समज खऱ्या पुराव्याच्या पुढे गेला आहे. उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिचेस’ या चाचणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३३ रुग्णालयांतल्या ६०५ बायका होत्या. निम्म्यांना ही गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. बाळाचा मृत्यू, मुदतपूर्व जन्म किंवा नवजात कक्षात भरती, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण औषधाच्या गटात २३ टक्के आणि दुसऱ्या गटात २७ टक्के होतं. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान आहे. खाज थोडी कमी झाली, पण रोग्याला जाणवेल इतकी क्वचितच. पुढच्या विश्लेषणात मुदतपूर्व जन्म काहीसे घटल्याचे संकेत मिळाले, मृतजन्म घटल्याचे नाहीत. गोळी सुरक्षित आहे, काहींना आराम देते आणि अमेरिकी तज्ज्ञ तिला आजही पहिली पसंती देतात. मात्र ‘गोळी चालू आहे, म्हणजे बाळ सुरक्षित’ असं समजू नये.

तिची आणखी एक खोच आहे. ही गोळी स्वतःच एक पित्ताम्ल आहे, आणि एकूण पित्ताम्लं मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीत तीही धरली जाते. त्यामुळे पहिला नमुना गोळी सुरू करण्याआधी घ्यावा, आणि नंतरच्या प्रत्येक चिठ्ठीवर गोळी चालू असल्याचं लिहावं. नाहीतर वाढलेला आकडा आजाराचा की औषधाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. खाजेसाठी मेंथॉलचं थंड मलम, सैल सुती कपडे, रात्री झोप आणणारी अ‍ॅलर्जीची साधी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही, पण त्याने रक्तातला आकडा हलत नाही. शौच पांढरट, तेलकट होत असेल तर ‘के’ जीवनसत्त्व कमी पडून रक्त गोठायला उशीर लागू शकतो, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगावं.

पहिला रिपोर्ट ठीक आला म्हणून प्रकरण मिटत नाही. काही बायकांत खाज आधी येते आणि रक्तातला बदल नंतर दिसतो. खाज चालू राहिली तर एक-दोन आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. ताप, उलट्या, भूक मेलेली, डोळे लवकर पिवळे, गुंगी, यांपैकी काही असेल तर तो कोलेस्टॅसिस समजून घरी थांबू नये. शेवटच्या तीन महिन्यांत दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ आपल्याकडे आईचा जीव घेते. डोकेदुखी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं आणि वाढलेला रक्तदाब हा वेगळा आणि तितकाच तातडीचा प्रश्न.

बाळंतपणानंतर किमान चार आठवड्यांनी लिव्हरची तपासणी पुन्हा करावी. तोवर एसजीपीटी खाली आलं नसेल, तर लिव्हरचा दुसरा आजार शोधायला लागतो. कुटुंबनियोजनाची पद्धत निवडतानाही ही खाज सांगावी, कारण सरकारी ‘माला-एन’ गोळीत इस्ट्रोजेन असतं. पुढच्या गरोदरपणात हा आजार परत येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून ती माहिती त्या वेळच्या कार्डावर पहिल्याच भेटीत यायला हवी.

आशाताई आणि परिचारिका सातव्या महिन्यानंतर दर भेटीला रक्तदाब बघतात, पायाची सूज बघतात. त्याच वेळी ‘रात्री तळहात-तळपाय खाजतात का, आणि अंगावर काही उठलंय का?’ एवढं त्यांनी विचारावं. आणि बाईनेही कुणी विचारण्याची वाट न पाहता ते सांगावं.